प्रकल्प नोंदी: वजाबाकीचा अभ्यासक्रम, थोडा फोनवर, थोडा केंद्रशाळेत

मंगळवार, १ जुलै २०२५

मागच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात कुठला बदल कधी केला आणि का केला, हे आता आम्हा चौघांपैकी कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून या वेळी नोंदी ठेवतोय.

काम थोडक्यात असं. भोर तालुक्याच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला असलेलं एक केंद्र. जिल्हा परिषदेच्या ११ शाळा, २२ शिक्षक, म्हणजे सगळ्या द्विशिक्षकी. या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी विषय एकच घेतलाय: तिसरी-चौथीची वजाबाकी, दशक सुटा करून. जुलै ते सप्टेंबर. चार बैठका केंद्रशाळेत, दर तीन आठवड्यांनी शनिवारी दुपारी, कारण शनिवारी सकाळची शाळा असते. मधल्या आठवड्यांत फोनवरून धडे.

आमच्या पहिल्या आराखड्यात सहा-सहा मिनिटांचे १२ व्हिडिओ होते. आज तो आराखडा बाद केला. ३६० पिक्सेलचा साधा व्हिडिओ सेकंदाला साधारण ५०० किलोबिट खातो. सहा मिनिटांचे झाले साडेबावीस एमबी. पुण्यात ही काहीच गोष्ट नाही. पण तिकडे पावसाळ्यात फोनवर एकच कांडी असते तेव्हा मी स्वतः मोजलेला वेग सेकंदाला ४० किलोबिटच्या आसपास होता. त्या वेगाने हा व्हिडिओ उतरायला सव्वा तास लागेल, तोही मध्ये तुटला नाही तर. उलट नुसता आवाज, पाच मिनिटांचा, २४ किलोबिटला बांधला तर ९०० केबी होतो आणि तीन मिनिटांत उतरतो. जिथे डेटाच नाही पण साधा कॉल लागतो, तिथे मिस्ड कॉल द्यायचा, आमच्याकडून उलट कॉल जातो आणि तोच धडा कानावर पडतो. शिक्षकाला खर्च नाही.

तेव्हा ठरलं: व्हॉट्सॲपवर आवाजाची फाइल, आणि तोच धडा कॉलवरही. जे कानाने आणि एका कोऱ्या कागदावर जमेल तेवढंच फोनवर ठेवायचं. जे डोळ्यांनी बघावं लागतं, हाताने करावं लागतं, ते बैठकीसाठी राखायचं. कागदावर ही वाटणी फार सोपी दिसते आहे, म्हणूनच मला तिचा भरवसा नाही.

मंगळवार, ८ जुलै

पहिले दोन धडे रेकॉर्ड केले. दुपारी एका सहकारी मॅडमना दुसऱ्या खोलीत बसवून कॉलवरून २० संख्या ऐकवल्या आणि लिहून घ्यायला सांगितलं. १७ बरोबर आल्या. चुकलेल्या तीन संख्यांत ६२ च्या जागी त्यांनी ६५ लिहिलं होतं.

बासष्ट आणि पासष्ट. समोरासमोर बसून बोलताना यात कधी घोटाळा होत नाही. पण टेलिफोनची वाट साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे जाऊ देते. 'ब' आणि 'प' यांतला फरक बराचसा खालच्या घुमाऱ्यात असतो, तो तिथे कापला जातो. 'स'ची सगळी धार वरच्या पट्टीत, तीही जाते. मग उरतं ते नुसतं 'आसष्ट'. एकोणसाठची अडचण निराळी. ती ऐकायला येते, पण ऐकणारा 'साठ' ऐकून आधी ६ लिहून बसतो, मग खोडतो, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा किती गदारोळ झाला होता. मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. आज मात्र सगळ्या धड्यांतल्या संख्या 'सहा दशक, दोन सुटे' अशा पुन्हा बोलून घेतल्या. एक तर ऐकायला चूक होत नाही, आणि दुसरं म्हणजे विषयच दशक-सुट्यांचा आहे. पुन्हा घेतलेली चाचणी २० पैकी २०.

फाइली बनवायच्या आज्ञा इथे नोंदवून ठेवतो, दर वेळी शोधाव्या लागतात. पहिली व्हॉट्सॲपसाठी, दुसरी कॉलसाठी:

```
ffmpeg -i dhada1.wav -ac 1 -ar 16000 -b:a 24k dhada1.mp3
ffmpeg -i dhada1.wav -ac 1 -ar 8000 -c:a pcm_s16le dhada1_call.wav
```

कॉलची फाइल संगणकाच्या स्पीकरवर ऐकून पास करायची नाही. फोनवरून, कानाला लावून, आणि शक्य तर पत्र्याच्या छपराखाली पाऊस चालू असताना ऐकायची.

शनिवार, १२ जुलै

पहिली बैठक. स्वारगेटहून भोर आणि पुढे जीपने केंद्रशाळा. दीड वाजता सुरू करायचं होतं, दोनला झाली. २२ पैकी १९ आले. दोघांकडे शाळेचंच काम होतं, एकांची एसटी चुकली.

आम्ही भाषण ठेवलं नव्हतं. सहा वजाबाक्यांचा एक कागद दिला आणि सांगितलं की उत्तरं काढू नका, तुमच्या वर्गातली मुलं कोणकोणती चुकीची उत्तरं लिहितील ते लिहा. सहापैकी महत्त्वाच्या तीन: ५२−२७, ६०−३४ आणि ३०४−१२८.

खोलीत आधी शांतता. मग एक बाई म्हणाल्या, "आमची पोरं ५२ वजा २७ ला ३५ लिहितात. हमखास." सातातून दोन जातात म्हणून पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान, वर कोण आणि खाली कोण हे बघायचंच नाही. त्यांनी असं म्हटल्यावर दहा-बारा माना डोलल्या. ही चूक सगळ्यांनी पाहिलेली होती, पण हा मुलाचा निष्काळजीपणा नसून त्याचा स्वतःचा एक नियम आहे आणि मूल तो इमानेइतबारे पाळतंय, असा विचार बहुतेकांनी पहिल्यांदाच केला असावा. त्याच नियमाने ३०४−१२८ चं उत्तर २२४ येतं. फळ्यावर करून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचे एक गुरुजी पुटपुटले, "अरे, हे तर माझ्या वहीत रोज असतं."

प्रमाणपत्राचा प्रश्न आलाच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय, त्यात हे धरणार का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. केंद्रप्रमुख मॅडम म्हणाल्या, "ते मी बघते, तुम्ही शिकवायचं बघा."

गुरुवार, १७ जुलै

सोमवारी पहिला धडा सोडला. चार दिवसांचा कॉलचा हिशोब समोर आहे आणि दोन गोष्टी चुकल्यात.

पहिली वेळेची. मी धडा असा बोललो होतो की जणू शिक्षक मधल्या सुट्टीत ऐकतोय: "आता वर्गात जा आणि मुलांना ही सहा गणितं द्या." प्रत्यक्षात जवळजवळ सगळे कॉल रात्री आठ ते साडेनऊमध्ये आलेत. बरोबरच आहे. शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता, कोण कान लावून बसणार? शिवाय बरेच जण भोरला राहतात, रेंज तिथेच मिळते. तेव्हा प्रत्येक धड्यातलं 'आता' काढून 'उद्या पहिल्या तासाला' करायचं. शब्द एकच, पण त्याने धड्याची रचना बदलते. उद्या काय लागेल ते आज रात्री काढून ठेवायला सांगता येतं.

दुसरी चूक गमतीची आहे, निदान आज तरी वाटतेय. धड्याच्या शेवटी, वर्गात सहा गणितं घेऊन झाल्यावर पुन्हा मिस्ड कॉल द्यायचा आणि विचारलेला आकडा दाबायचा अशी सोय केली होती. प्रश्न होता: "पहिल्या गणिताचं उत्तर ३५ लिहिणारी मुलं किती?" नऊ शाळांतून उत्तरं आली. त्यांतल्या चार शाळांचं उत्तर ३५. तिसरी-चौथी मिळून तिथे १४-१५ मुलं आहेत. प्रश्न ऐकताना शेवटचा आकडा कानात राहिला आणि तोच दाबला गेला. पटसंख्या आमच्याकडे होती म्हणून कळलं. नसती तर ३५ ही संख्या मी आनंदाने तक्त्यात भरली असती.

उरलेल्या दोन शाळांनी काहीच दाबलं नाही. एका सरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "साहेब, फोन कानाला असतो तेव्हा स्क्रीन काळी होते. कानापासून काढायचा, कीपॅड उघडायचं, तोवर बाई म्हणतात 'धन्यवाद' आणि ठेवून देतात." आम्ही वाट बघायला पाच सेकंद ठेवली होती. माझ्या टेबलावर फोन स्पीकरवर पडलेला असतो, म्हणून मला हे कधी जाणवलंच नाही.

दुरुस्त्या: प्रश्नात दुसरी कुठलीही संख्या येऊ द्यायची नाही. "पहिलं गणित चुकलेली मुलं किती?" एवढंच. प्रश्नाच्या आधी "फोन स्पीकरवर टाका आणि कीपॅड उघडा" असं सांगून चार सेकंद थांबायचं. मग वाट १५ सेकंद. उत्तर नेहमी दोन आकडी, चार असतील तर शून्य चार, म्हणजे शेवटी वेगळं बटण दाबायची गरज नाही. आणि दाबलेला आकडा परत ऐकवून खात्री करून घ्यायची.

शुक्रवार, २५ जुलै

आजपासून श्रावण. पाऊस काही ऐकत नाही. तीन शाळांचा आठवडाभर पत्ता नाही, टॉवरच बंद. एका शाळेतल्या बाई दर सोमवारी भोरच्या बसमध्ये शेजारच्या शाळेच्या गुरुजींकडून ब्लूटूथने धडा घेतात असं कळलं. यापुढे फाइलीच्या नावातच धड्याचा क्रमांक ठळक ठेवायचा, कारण अशा हस्तांतरात व्हॉट्सॲपवरचा मजकूर सोबत जात नाही.

आमचा नंबर कॉलर ओळखणाऱ्या ॲपवर 'स्पॅम' म्हणून लाल दिसतो. नंबर सेव्ह करा म्हणून एसएमएस पाठवला. तोही बहुधा कुणी उघडला नसेल, पुढच्या बैठकीत समोर बसवूनच सेव्ह करून घ्यावा लागेल.

शनिवार, २ ऑगस्ट

दुसरी बैठक. ही नीट लिहून ठेवायला हवी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फोनच्या धड्यात मी समजावलं होतं की ५२ मधल्या पाच दशकांपैकी एक दशक सोडायचा, त्याचे दहा सुटे होतात, दोन आधीचे, एकूण बारा. बारातून सात गेले पाच. उरलेल्या चार दशकांतून दोन गेले दोन. उत्तर २५. धडा बहुतेकांनी ऐकला होता, "समजलं" असं बटण दाबून कळवलंही होतं. मला वाटलं होतं बैठकीत काड्यांचे गठ्ठे घेऊन तेवढं पक्कं केलं की झालं.

एका गुरुजींना फळ्यावर बोलावलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, वर्ग त्यांच्या मुठीत असतो. त्यांनी ५२ खाली २७ लिहिलं आणि म्हणाले, "दोनातून सात जात नाहीत. हातचा घेतला. वर दहा, खाली एक. बारातून सात, पाच. दोन आणि हातचा एक, तीन. पाचातून तीन, दोन. पंचवीस." आणि खडू ठेवला.

एक तरुण मॅडम लगेच म्हणाल्या, "सर, पण खालचा वाढवायचा नाही ना, वरचा कमी करायचा." गुरुजी म्हणाले, "उत्तर तेच आलं ना?" मग जे व्हायचं ते झालं. अर्धी खोली एकीकडे, अर्धी दुसरीकडे. एक जण म्हणाले, आम्ही तर 'उसना' म्हणतो. त्यावर त्यांच्याच शेजारच्या बाई हसत म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या पोरीने विचारलं, बाई, उसना घेतला तर परत कधी द्यायचा?"

म्हणजे तीन आठवडे मी फोनवर एक पद्धत शिकवत होतो आणि ऐकणारे आपापल्या डोक्यातली पद्धत त्यात बसवून ऐकत होते. 'हातचा' हा शब्द दोन्हीकडे तोच. 'समजलं' हे बटणही दोन्हीकडे तेच. ऐकून हा फरक कधीही बाहेर पडला नसता. तो पडला खडू हातात दिल्यावर.

गुरुजींची पद्धत चुकीची नाही, हे आधी सगळ्यांसमोर म्हटलं. दोन्ही संख्यांत दहा मिळवले तर फरक बदलत नाही. वरच्या संख्येत दहा सुट्यांच्या रूपात मिळवले, खालच्या संख्येत एका दशकाच्या रूपात. दोन भावांच्या वयात पाच वर्षांचं अंतर असेल तर दहा वर्षांनीही पाचच राहतं, तसं. गुरुजी म्हणाले, "हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी नुसता 'वर दहा, खाली एक' पाठ केला होता." पण अडचण पुढे आहे. पाठ्यपुस्तकात दशक सुटा करायची रीत आहे, आणि काड्यांनी ती हाताने करून दाखवता येते: गठ्ठ्याचं रबर काढलं की दहा काड्या हातात. 'खाली एक' काड्यांनी दाखवायला गेलं तर काढून टाकायच्या ढिगात आणखी एक गठ्ठा टाकावा लागतो, आणि मूल विचारतं तो कुठून आणला. मग ज्या मुलाला तिसरीत एका बाईंनी एक आणि चौथीत दुसऱ्या सरांनी दुसरी रीत शिकवली, ते वरचाही कमी करतं आणि खालचाही वाढवतं. पाचाचे चार, दोनाचे तीन, उत्तर १५.

इथे एक बाई एकदम म्हणाल्या, "पंधरा! माझ्या तीन मुलांनी पंधरा लिहिलंय, मला कळतच नव्हतं ते कुठून येतं." वह्या सोबत आणायला सांगितलं होतं म्हणून लगेच उघडून पाहता आलं. तीनही वह्यांत वर ५ खोडून ४, आणि खाली २ च्या डोक्यावर बारीक १. तिघांचेही तिसरीचे वर्गशिक्षक वेगळे होते.

ठराव असा झाला की एका शाळेत एकच रीत, आणि ती दशक सुटा करायची. 'हातचा' शब्द बेरजेपुरता ठेवायचा, वजाबाकीत 'गठ्ठा सोडला' म्हणायचं. ठराव केंद्रप्रमुख मॅडमनी लिहून घेतला. गुरुजींनी सही केली, पण घरी नातवाला आपण आपलीच रीत शिकवणार असं जाहीर करून.

अडीच तासांतले पावणेदोन तास यातच गेले. काड्यांचं काम पुढच्या बैठकीवर ढकललं.

सोमवार, ११ ऑगस्ट

चौथा आणि पाचवा धडा पुन्हा लिहिले. शनिवारी राखी पौर्णिमा होती, कुणालाच कामाचं काही विचारलं नाही.

कॉल कुठे तुटतात ते आज पाहिलं. पाच मिनिटांच्या धड्यात बरेच जण साडेतीन-पावणेचार मिनिटांच्या आसपास ठेवून देतात. आणि आमची सवय अशी की आधी कारण समजवायचं, मग उदाहरण, आणि उद्या वर्गात काय करायचं ते शेवटच्या मिनिटात. म्हणजे जे सगळ्यात जरुरीचं तेच कुणी ऐकत नव्हतं. आता उलटं केलंय. पहिल्या अर्ध्या मिनिटात उद्याचं काम, मग ते का, आणि शेवटी ते काम पुन्हा एकदा त्याच शब्दांत. लांबी चार मिनिटांच्या आत.

आणि 'समजलं तर १ दाबा' हा प्रश्न कायमचा काढून टाकला. त्याऐवजी चौथ्या धड्यात असं विचारलंय: "सहा दशक शून्य सुटे, त्यातून तीन दशक चार सुटे काढायचे आहेत. एक गठ्ठा सोडल्यावर तुमच्याकडे गठ्ठे किती उरले?" जो 'वर दहा, खाली एक' करतोय तो ६ दाबणार, जो गठ्ठा सोडतोय तो ५. ही युक्ती बैठकीशिवाय सुचली नसती. फोनवर नेमकं काय विचारावं हे बैठकीत कळतं.

सोमवार, १८ ऑगस्ट

चौथ्या धड्याची उत्तरं: १७ जणांनी बटण दाबलं, त्यात १३ जणांचे पाच, चौघांचे सहा. त्या चौघांना मी एकेक करून फोन केला. दोघांनी फक्त घाईत ऐकलं होतं. दोघे खरोखर जुन्या रीतीने करत होते. फोनवर पाच-सात मिनिटं, हातात काड्या घ्यायला लावून, दोघांचंही जमलं. असे फोन अभ्यासक्रमात धरलेलेच नव्हते. धरायला हवेत, आठवड्याला अर्धा दिवस.

शनिवार, २३ ऑगस्ट

तिसरी बैठक. उपस्थिती २१. काड्यांचं काम झालं, नुसतं तेच. प्रत्येक जोडीने ६०−३४ करून दाखवायचं, तोंडाने बोलत. आधी कसं वाटलं होतं कोण जाणे, पण रबर काढताना मोठी माणसंही क्षणभर थांबतात, एवढा तो बदल हाताला जाणवतो.

वह्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचे असतील तर मुलाचं नाव झाकून, हे पुन्हा सांगितलं. एका वहीवर नाव होतं, काढायला लावलं.

सोमवार, १ सप्टेंबर

गणपती. बुधवारी बसले, काल गौरीही आल्या. सातवा धडा सोडला होता, दोन कॉल आले. चूक माझीच, हा आठवडा कोरा ठेवायला हवा होता. धडे आठच ठेवतो, नववा रद्द.

शनिवार, १३ सप्टेंबर

शेवटची बैठक. तीच सहा गणितं मुलांना पुन्हा देऊन कागद आणायला सांगितले होते.

एका शाळेचे कागद मी शेजारी शेजारी मांडून पाहिले. तिसरी-चौथी मिळून १४ मुलं. जुलैत ५२−२७ ला नऊ मुलांनी ३५ लिहिलं होतं, आता तिघांनी. ६०−३४ ठीक झालंय. मग ३०४−१२८ कडे आलो. बरोबर उत्तर १७६. जुलैत ११ मुलांचं २२४ होतं. आता २२४ फक्त तिघांचं, १७६ सहा जणांचं, आणि उरलेल्या पाच जणांनी चक्क २७६ लिहिलंय.

बाई खट्टू झाल्या होत्या. "आणखी नवीन चूक काढली यांनी." मी त्यांना कागद फिरवून दाखवला. पाचही मुलांनी सुट्यांच्या घरात १४ केलेत, बरोबर. दशकाच्या घरातल्या शून्याचे ९ केलेत, तेही बरोबर. चौदातून आठ गेले सहा, नवातून दोन गेले सात. फक्त शतकाचे ३ तसेच ठेवलेत, त्यातून एक गेला, दोन. जुलैत हीच मुलं शून्याकडे बघून नुसती वरची-खालची वजाबाकी करत होती. आता शून्य सोडवायचा असतो हे त्यांना कळलंय, पण तो कुठला गठ्ठा सोडून आला हे सुटलंय. 'शून्याचे नऊ होतात' असं फळ्यावर ऐकलं आणि तेवढंच धरलं.

मग बाईंनीच सांगितलं की वर्गात त्यांनी ते तसंच शिकवलं होतं. शंभराचा गठ्ठा कधी बांधलाच नव्हता, तेवढ्या काड्या नव्हत्या. "दहाचे गठ्ठे होते, शंभराचं म्हटलं समजून घ्या." आमच्या सहाव्या धड्यातही मी हेच म्हटलं होतं, "मनात कल्पना करा." रेकॉर्डिंग परत ऐकलं, शब्द तेच आहेत.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पुढच्या केंद्रासाठी सहावा धडा बदलून लिहिला. कल्पना करा हे वाक्य गेलं. आता धड्याची सुरुवात अशी: "उद्या वर्गात तीन मोठे गठ्ठे आणि चार सुट्या काड्या मांडा. मोठ्या गठ्ठ्यात दहाचे दहा गठ्ठे रबराने बांधलेले हवेत. मुलांना एकशे अठ्ठावीस काढायला सांगा." इथे ठरल्याप्रमाणे 'एक शतक, दोन दशक, आठ सुटे' बोलायचं, हे रेकॉर्ड करताना विसरू नये. मग: "मूल मोठा गठ्ठा सोडेल तेव्हा दहाचे दहा गठ्ठे दिसतील. त्यातला एक पुन्हा सोडावा लागेल. मग विचारा, दहाचे किती उरले? नऊ म्हणेल. विचारा, हे नऊ कुठून आले? मोठ्या गठ्ठ्याकडे बोट गेलं पाहिजे." बटणाचा प्रश्न: "नऊ कुठून आले हे विचारल्यावर मोठ्या गठ्ठ्याकडे बोट दाखवणारी मुलं किती?" यात नऊ आला. पुन्हा तीच चूक. बदलला: "शेवटच्या प्रश्नाला मोठ्या गठ्ठ्याकडे बोट दाखवणारी मुलं किती?"

तिसऱ्या बैठकीत शंभराचा गठ्ठा बांधायलाच अर्धा तास ठेवलाय, म्हणजे प्रत्येक शाळेचे शिक्षक मिळून बांधलेले तीन गठ्ठे घेऊन घरी जातील. शाळेमागे ३०४ काड्या, ११ शाळांना ३,३४४, मोडतील म्हणून साडेतीन हजार धरू. आइस्क्रीमच्या काड्या महाग पडतात. आज संध्याकाळी रविवार पेठेत बोहरी आळीतून माडाच्या हिरांचा एक खराटा आणला. ऑफिसात बसून सगळे हीर बोटभर लांबीचे कापले आणि मोजतोय. आत्तापर्यंत ४१२ झाल्यात, अजून अर्धा खराटा शिल्लक आहे.